मशीनमध्ये २५००, पंपातून ६००: दम लागलेल्या मुलाच्या औषधाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की मुंबईत सकाळी समोरची इमारत धुरकट दिसायला लागते, आणि आमच्या ओपीडीत खोकणाऱ्या मुलांची रांग जिन्यापर्यंत जाते. याच दिवसांत सोसायट्यांमध्ये एक वस्तू घरोघरी फिरत असते: वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नातवासाठी घेतलेलं असतं, ते रात्री दोन वाजता पाचव्या मजल्यावर जातं. मशीन उसनं मिळतं. त्यात घालायचं औषध कुठलं आणि किती, हे मात्र बरोबर मिळतंच असं नाही.

गेल्या हिवाळ्यात भांडुपहून एक जोडपं चार वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटे आलं. मुलाचं वजन १६ किलो, दमा वर्षभरापूर्वी निदान झालेला. घरात पंप होता, स्पेसर होता, आणि दम लागला तर काय करायचं याची फाइलही होती. तरी रात्रभर त्याला पंप दिला नव्हता. का, असं विचारल्यावर वडिलांनी मोबाईलवर केलेला हिशेब दाखवला. मशीनमधल्या औषधाच्या छोट्या नळीवर २.५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. पंपाच्या डब्यावर, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम केले की २५०० होतात. "म्हणजे मशीनइतकं औषध द्यायचं तर पंचवीस वेळा दाबायला हवं, आणि फाइलीत तुम्ही दोन लिहिलंय. दोनाने काय होणार, डॉक्टर?"

गुणाकार अगदी बरोबर होता. चुकलं होतं ते गृहीतक. हा लेख त्याच्याबद्दल आहे, आणि त्या रात्री झालेल्या दुसऱ्या, जास्त महागात पडलेल्या चुकीबद्दलही.

आधी दोन औषधं वेगळी करू

दम्यात श्वासनळीत दोन गोष्टी एकदम होतात. नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आणि नळीचं आतलं अस्तर सुजून चिकट होतं. पहिली गोष्ट अचानक होते आणि अचानक सुटूही शकते. दुसरी हळूहळू वाढते आणि हळूहळूच उतरते.

सालब्युटामॉल आवळलेला स्नायू सैल करतं. काही मिनिटांत परिणाम दिसायला लागतो आणि साधारण चार तास टिकतो. बुडेसोनाइड हे श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड आहे, ते सूज उतरवतं. पण त्याचं काम तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने चालतं. दरवाजा अडकून कोणी आत कोंडलं असेल तर आधी कडी काढावी लागते. पावसाने फुगलेलं लाकूड रंधून घ्यायला सुतार दुसऱ्या दिवशी बोलावला तरी चालतो.

दोन्ही औषधं सारख्याच दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांमध्ये मिळतात. दुकानदार त्यांना रेस्प्यूल म्हणतात. मान मोडायची, कपात ओतायचं, मशीन लावायचं. दोन्हींची वाफ सारखीच पांढरी दिसते. त्या रात्री भांडुपच्या घरात नेमकं हेच झालं. शेजारच्या काकूंच्या डब्यात फक्त बुडेसोनाइडच्या नळ्या शिल्लक होत्या. आईबाबांनी तीन तासांत दोन दिल्या. वाफ आली, आवाज आला, मूल मशीनच्या घरघरीत जरा शांतही झालं. आवळलेला स्नायू मात्र तसाच राहिला.

२५०० कुठे जातात?

आता वडिलांच्या हिशेबाकडे येऊ. नळीवर जे लिहिलेलं असतं ते कपात ओतलेलं औषध असतं. फुफ्फुसात पोचलेलं नव्हे.

सालब्युटामॉलच्या नळीत साधारण अडीच मिलिलिटर द्रव असतो. मशीनची हवा तो फवारते, पण शेवटचा मिलिलिटरभर द्रव कपाच्या भिंतींना चिकटून मागे राहतो. कितीही वेळ मशीन चालवा, तो येत नाही. अडीचमधला एक गेला, म्हणजे चाळीस टक्के तिथेच. म्हणूनच आम्ही नळी तशीच न लावता त्यात दीड मिलिलिटर सलाइन घालून एकूण चार मिलिलिटर करतो. मागे राहणारा मिलिलिटर मग जास्त पातळ औषधाचा असतो, आणि वाया कमी जातं.

जे फवारलं जातं त्याचं काय? मशीन सतत फुंकत असतं, मूल मात्र सतत श्वास आत घेत नाही. ते श्वास सोडत असतं त्या वेळेची सगळी वाफ खोलीत जाते. टॅक्सी सिग्नलला उभी असली तरी मीटर चालू राहावं, तसं. उरलेल्यातले मोठे थेंब नाकात आणि घशात अडकतात. फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. शेवटी कपात ओतलेल्या औषधाचा जेमतेम दहावा भाग, लहान मुलांत त्याहूनही कमी, जिथे जायचा तिथे पोचतो. मूल रडत असेल किंवा मास्क चेहऱ्यापासून चार बोटं दूर धरला असेल, तर तेवढाही नाही.

स्पेसरचं काम वेगळं आहे. पंप दाबला की औषध प्रचंड वेगाने बाहेर येतं. थेट तोंडात मारलं तर बरंचसं घशावर आपटतं. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधलं रिकामं नळकांडं. त्याच्यात फवारा थबकतो, जड थेंब भिंतीवर बसतात, हलके थेंब हवेत तरंगत राहतात, आणि मूल ते आपल्या सवडीने पाच-सहा श्वासांत ओढून घेतं. झडप असल्यामुळे श्वास सोडताना औषध मागे ढकललं जात नाही. मीटर मूल श्वास घेईल तेव्हाच चालतं.

जागतिक दमा मार्गदर्शिकेत, जिला आम्ही गिना म्हणतो, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दवाखान्यातल्या उपचाराची एकच ओळ आहे: सालब्युटामॉलचे २ ते ६ पफ स्पेसरने, किंवा २.५ मिलिग्रॅम नेब्युलायझरने, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी. त्या 'किंवा'च्या एका बाजूला २०० ते ६०० मायक्रोग्रॅम आहेत आणि दुसऱ्या बाजूला २५००. मुलाच्या छातीत दोन्हींचं काम जवळपास सारखं होतं. सहा वर्षांवरच्या मुलांना स्पेसरने ४ ते १० पफ, आणि मशीनने वजनाप्रमाणे २.५ ते ५ मिलिग्रॅम देतात.

मग एक ठरलेला गुणक का नाही?

हा प्रश्न त्या वडिलांनी लगेच विचारला, आणि प्रश्न हुशार होता. "म्हणजे मशीनचा आकडा भागिले चार केलं की पंपाचा आकडा, असंच ना?"

नाही. बुडेसोनाइडचं उदाहरण घ्या. लहान मुलाचा रोजचा कमी डोस मशीनने ५०० मायक्रोग्रॅम धरतात, तर पंप-स्पेसरने तो साधारण २०० धरला जायचा. इथे फरक अडीच पट आहे. सालब्युटामॉलमध्ये तो चार पटींपासून बारा पटींपर्यंत जातो. कारण हे डोस भागाकार करून काढलेले नाहीत, मुलांना देऊन, परिणाम मोजून ठरवलेले आहेत. सालब्युटामॉलचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो, म्हणून ते थोडं देऊन बघून पुन्हा देता येतं, आणि त्यामुळे डोसचा पल्ला रुंद ठेवलेला आहे. बुडेसोनाइडचा परिणाम आठवड्यांनी कळतो, म्हणून तिथे रोजचा ठरलेला आकडा लागतो.

घरात करायचं एवढंच, की मशीनचा डोस मशीनच्या ओळीतून वाचायचा आणि पंपाचा पंपाच्या. एकातून दुसरा काढायला बसायचं नाही. ५०० मायक्रोग्रॅमची बुडेसोनाइडची नळी संपली म्हणून १०० च्या पंपाचे पाच दाब देणं, हा तोच भागाकार उलट्या दिशेने झाला.

आणखी एक २.५, आणि तो धोक्याचा

सालब्युटामॉल नळीशिवाय एका छोट्या बाटलीतही मिळतं. त्या द्रावणात एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे नळीतल्यापेक्षा पाचपट दाट. २.५ मिलिग्रॅम हवं असेल तर बाटलीतून फक्त अर्धा मिलिलिटर काढायचा आणि बाकी सलाइन घालायचं. नळीची सवय असलेला माणूस "अडीच" लक्षात ठेवतो आणि बाटलीतून अडीच मिलिलिटर ओततो. ते साडेबारा मिलिग्रॅम झाले. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते, उलटी होते, रक्तातलं पोटॅशियम खाली जातं. घरात मशीन असेल तर माझं मत सरळ आहे: बाटली आणूच नका, नळ्याच घ्या.

लेव्होसालब्युटामॉल लिहिलेलं असेल तर आकडा निम्मा असतो. १.२५ मिलिग्रॅमची ती नळी साध्या सालब्युटामॉलच्या २.५ च्या बरोबरीची, आणि तिच्या पंपात एका दाबाला ५० मायक्रोग्रॅम. आकडा लहान दिसला म्हणून दोन नळ्या एकदम फोडू नका.

"पण मशीनने लगेच आराम पडतो हो!"

हे मी रोज ऐकते. त्यात तथ्य नाही असं नाही. मशीनला मूल दहा मिनिटं मांडीवर बसून राहतं, आई जवळ असते, वाफ दिसते. पंपाचा फुस्स आवाज होतो आणि संपतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण दम लागलेल्या मुलांवर दोन्ही पद्धतींची तुलना बऱ्याच चाचण्यांत झाली आहे. जीव धोक्यात नसलेल्या झटक्यात स्पेसर मशीनपेक्षा कमी पडत नाही. उलट स्पेसर दिलेल्या मुलांचा आपत्कालीन विभागातला मुक्काम सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला आणि नाडीही कमी धडधडली.

पंपाने आराम पडला नाही असं सांगणाऱ्या दहा घरांतल्या बहुतेकांना मी समोर देऊन दाखवायला सांगते, आणि तेव्हा खरी गोष्ट कळते. पंप हलवलेला नसतो. चार दाब एकदम स्पेसरमध्ये मारलेले असतात, मग थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. मास्क गालापाशी उघडा असतो. स्पेसर धुऊन फडक्याने कोरडा पुसलेला असतो. हे शेवटचं कोणाच्या ध्यानात येत नाही. प्लॅस्टिक पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते, लोकरीच्या टोपीने केस उभे राहतात तशी, आणि ती औषध भिंतीकडे ओढते. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून उभा ठेवायचा, आपोआप वाळू द्यायचा. पुसायचा नाही.

देण्याची रीत अशी: मूल सरळ बसलेलं. पंप हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट, एक दाब, सहा श्वास मोजा. परत हलवा, दुसरा दाब, परत सहा श्वास. सहा पफ द्यायला तीन-चार मिनिटं लागतात. लागू द्या.

मग मशीन कधी?

मशीन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मुलाचा ऑक्सिजन खाली गेला असेल, ते इतकं थकलं असेल की स्पेसरमधून श्वास ओढता येत नाही, तर दवाखान्यात आम्ही नेब्युलायझरच लावतो. पण तो घरच्यासारखा नसतो. तो ऑक्सिजनच्या दाबावर चालतो. सालब्युटामॉल फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्याही सैल करतं. त्यामुळे हवा न पोचणाऱ्या भागांकडेही रक्त वाहू लागतं आणि सुरुवातीची काही मिनिटं ऑक्सिजन आणखी थोडा उतरू शकतो. घरचं मशीन खोलीतलीच हवा फुंकतं, त्याला हे भरून काढता येत नाही. म्हणजे मुलाला खरोखर मशीनची गरज असते तेव्हा घरचं मशीन पुरेसं नसतं. आणि घरचं पुरतं, तेव्हा बहुतेक वेळा स्पेसरनेही भागलं असतं.

बुडेसोनाइड मशीननेच द्यायचं ठरलं असेल, तर मशीन हवेच्या दाबावर चालणारं, घरघर करणारं हवं. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या शांत मशीनमध्ये ते नीट फवारलं जात नाही, कारण ते पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे कण तरंगत असतात. नळी फोडण्याआधी हलकेच हलवायची. नंतर तोंड धुवायचं, चूळ भरायची, आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा.

"दमात बुडेसोनाइडची वाफ दवाखान्यातही देतात की!"

देतात. सालब्युटामॉलच्या जोडीला, एकाच कपात मिसळूनही. पण ती जोड असते. बऱ्यापैकी दम लागला असेल तर सूज उतरवायचं मुख्य काम तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोलोनचं असतं, दिवसाला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, साधारण ३ ते ५ दिवस. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. त्यालाही परिणाम दाखवायला काही तास लागतात. म्हणून ते कधी सुरू करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण ठरलं की लवकर द्यायचं. घशाला सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला येतो, तो क्रूप, त्यात २ मिलिग्रॅम बुडेसोनाइडची वाफ देतात. तो आजार वेगळा. "मागच्या वेळी हीच वाफ दिली होती" असं म्हणून दम्यात ती परत देण्याची गफलत तिथूनच होते.

त्या पहाटे काय झालं

मूल आलं तेव्हा मिनिटाला ३८ श्वास चालू होते, ऑक्सिजन ९४, पोट उडत होतं, तीन-चार शब्दांनंतर थांबावं लागत होतं. शुद्धीत होतं, ओठ गुलाबी होते. मशीन लावलं नाही. त्याच्याच घरून आणलेला पंप आणि स्पेसर घेऊन सहा पफ दिले, एकेक करून. वडील बाजूला उभं राहून श्वास मोजत होते. वीस मिनिटांनी श्वास ३४. परत सहा. चाळिसाव्या मिनिटाला ३०, आणि त्याने बिस्किट मागितलं. तासाच्या आत तिसरे सहा. मधे २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाजलं. एकूण अठरा पफ, म्हणजे १८०० मायक्रोग्रॅम. तासाभरात दिलेलं सगळं औषध मिळून मशीनच्या एका नळीएवढंही भरलं नाही. दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं.

घरी हा डोस असा द्यायचा नसतो, हे इथे सांगायलाच हवं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला घरी २ पफ द्यायचे, गरज पडली तर वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा. दोन तासांत सहाहून जास्त लागले, किंवा औषध देऊनही तीन तासांच्या आत परत लागलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. मूल बोलू शकत नसेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, ओठ निळसर असतील, पेंगत असेल, किंवा आधीची छातीतली घरघर अचानक ऐकू येईनाशी होऊनही ते धडपडत असेल, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं. निघता निघता एकेक करून सहा पफ द्यायचे, आणि वाटेत वीस मिनिटं गेली तर पुन्हा. तुमच्या मुलाच्या फाइलीत डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहिला असेल तर तो पाळायचा, त्यांनी तुमचं मूल पाहिलेलं असतं.

सुटी मिळताना वडिलांनी नर्सकडून मार्कर मागून घेतला. सालब्युटामॉलच्या पंपावर "दम" लिहिलं, आणि मुलाला रोज घ्यायच्या बुडेसोनाइडच्या पंपावर "सकाळ-रात्र". मग जरा थांबून विचारलं, काकूंचा डबा परत देताना त्यावरही लिहून देऊ का. द्या म्हटलं, पण आधी आतल्या नळ्या बाहेर काढून वाचा.